अर्धी म्हणजे कशाची अर्धी?

माझे माहेर सांगलीचे. आप्पांची हळदीची अडत होती. मार्केट यार्डातल्या त्या पेढीवर शाळा सुटल्यानंतर जाऊन बसणे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिताना त्यांना बघणे हा माझा लहानपणीचा आवडता वेळ. वर मालाची एकूण रक्कम, खाली अडत, हमाली, तोलाई अशी वजावट आणि शेवटी हातात पडणारा आकडा. आप्पांचे अक्षर घोटीव होते, पण त्याहून घोटीव होता तो वजावटीचा क्रम. एखादा माल दुसऱ्या पेढीच्या ओळखीने आलेला असला आणि अडतीत त्यांना भाग द्यायचा असला, तर तो भाग ते आपल्या खात्यात अडत जमा करण्याआधीच वेगळा लिहून ठेवीत. असे का, हे त्या वयात मी कधी विचारले नाही. ते विचारायला हवे होते, हे मला पुण्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

मुले मोठी झाल्यावर मी घरांच्या खरेदी-विक्रीच्या एका संस्थेत काम करू लागले. पगार नाही, हिस्सा. मी आणलेल्या व्यवहारातून जी दलाली मिळेल तिचे साठ टक्के माझे आणि चाळीस टक्के संस्थेचे. जागा, फोन, संकेतस्थळांवरच्या जाहिराती, बिल, जीएसटी, वकिलाकडची कागदपत्रे हे सारे संस्था बघते. घरमालक शोधणे, घर दाखवणे आणि व्यवहार जुळवणे हे माझे. आपल्या घरांतून व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यामुळे ही मांडणी कुणाला नवी वाटणार नाही. मलाही वाटली नव्हती. कामावर रुजू होताना दोन पानी करारावर सही केली. त्यात ‘प्राप्त दलालीच्या चाळीस टक्के संस्थेकडे राहतील’ असे वाक्य होते. ते मी वाचले आणि मला ते स्वच्छ वाटले.

२०२५ च्या पावसाळ्यात कोथरूडमधले एक जुने पण नीट ठेवलेले घर माझ्याकडे विक्रीस आले. निवृत्त जोडपे मुलाकडे बेंगळुरूला कायमचे जाणार होते आणि त्यांना व्यवहार लवकर हवा होता. म्हणून त्यांनी संस्थेला दोन टक्के दलाली लेखी कबूल केली. दोन महिने माझ्या ओळखीतला गिऱ्हाईक बसेना. तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दलालांना फोन केला. त्यांना सगळे काकाच म्हणतात. कुठलीही संस्था नाही, कार्यालय म्हणजे खिशातली डायरी; पण अर्ध्या पेठेतल्या घरांच्या चाव्या कुणाकडे आहेत हे त्यांना पाठ. त्यांच्याकडे एक कुटुंब होते, ज्यांना अकरा घरे दाखवून झाली होती. अडचण एकच होती. ते कुटुंब काकांच्या घरोब्यातले असल्यामुळे काका त्यांच्याकडून दलाली घेणार नव्हते.

“मग ताई, मला काय?” त्यांनी सरळ विचारले.

“माझ्या बाजूच्या दलालीत अर्धी तुमची,” मी म्हणाले.

फोनवरचे ते एक वाक्य. कागद नाही, निरोप नाही, संस्थेला कळवणेही नाही. घर ठरले एक कोटीला. दोन टक्क्यांनी दलाली झाली दोन लाख. साठेखत झाले, बँकेचे कर्ज आले, खरेदीखताच्या दिवशी घरमालकांनी संस्थेच्या खात्यात दोन लाख छत्तीस हजार रुपये भरले. वरचे छत्तीस हजार म्हणजे अठरा टक्के जीएसटी. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन कार्यालयात हजर.

त्यांच्या मनातला आकडा होता एक लाख अठरा हजार. माझ्या मनातला एक लाख. आणि हिशेबनिसांनी माझ्यासमोर जो कागद ठेवला त्यात काकांचे नावच नव्हते. त्यात लिहिले होते : प्राप्त दलाली २,००,०००, संस्था ८०,०००, तुमचा हिस्सा १,२०,०००. मी काकांचे विचारले तेव्हा ते म्हणाले, “ते तुम्ही तुमच्यातून द्या ना ताई. करार तुमच्याशी आहे, त्यांच्याशी नाही.”

म्हणजे एक लाख वीस हजारांतून एक लाख काकांना. माझ्यापाशी उरणार होते वीस हजार.

आकड्यांचा गोंधळ आधी सोडवते, कारण तो सोपा आहे. काकांचे अठरा हजार हे जीएसटीचे. तो पैसा दलालीचा नव्हेच. घरमालकाकडून घेऊन सरकारात भरायचा. काकांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणून ते जीएसटीत नोंदलेले नाहीत, आणि त्यामुळे त्यांना तो लावताही येत नाही. ते नोंदलेले असते तर त्यांनी संस्थेला एक लाख अधिक अठरा हजारांचे बिल दिले असते, संस्थेने त्या अठरा हजारांची वजावट घेऊन सरकारात उरलेले अठराच भरले असते, आणि काकांनी आपले अठरा स्वतः भरले असते. कोणत्याही वाटेने गेले तरी छत्तीस हजार सरकारातच जातात. हे काकांना पटायला चहाचा एक पेला पुरला. दलालांच्या निम्म्या भांडणांचे मूळ इथे असते. ‘मिळालेली रक्कम’ म्हणताना एकाच्या डोळ्यांसमोर बँकेतला आकडा असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर बिलावरचा मूळ आकडा.

दुसरा गोंधळ मात्र चहाने सुटणारा नव्हता. प्रश्न एवढाच होता की दोन वाटे पडायचे आहेत, एक काकांचा आणि एक संस्थेचा, तर आधी कोणता पाडायचा?

आधी काकांचा पाडला, तर दोन लाखांतून त्यांचे एक लाख जातात, उरलेल्या एका लाखाचे संस्थेला चाळीस हजार आणि मला साठ हजार. आधी संस्थेचा पाडला आणि काकांना दोन लाखांची अर्धी दिली, तर संस्थेला ऐंशी, काकांना शंभर आणि मला वीस. तिसरी वाट त्या दिवशी संस्थेच्या शेठजींनीच सुचवली. आधी संस्थेचे ऐंशी हजार काढायचे, मग माझ्या एक लाख वीस हजारांचे दोन समान भाग करायचे. काकांना साठ, मला साठ. “तुम्ही त्यांना तुमची अर्धी म्हणालात ना?” शेठजी म्हणाले. “तुमची म्हणजे तुमच्या हातात येते ती.”

वाक्याचा अर्थ तसा लावता येत होता, हे मला नाकारता येईना. ‘माझ्या बाजूच्या दलालीत अर्धी’ असे मी म्हटले होते. बाजू म्हणजे विक्रेत्याची बाजू, असे माझ्या मनात होते. पण तोंडी शब्दाला पाय फुटतात. मी बाहेर येऊन काकांना साठ हजारांचे सांगून पाहिले. सांगताना मला त्यांच्याकडे बघवले नाही. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ताई, तुमच्या घरात किती वाटेकरी आहेत ते मी कशाला मोजू? मी अकरा घरे फिरलो. घर दोन टक्क्याला विकले, त्यातला एक टक्का माझा.”

त्या रात्री मला झोप नव्हती. मालकिणीच्या तोऱ्यात शब्द दिला आणि आता तो पाळायला पैसे संस्थेचे लागत होते, हे खरे दुखणे. मी वही काढून तिन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी दिवसभर दिसली नव्हती. पहिल्या रीतीत काकांना दिलेल्या लाखापैकी चाळीस हजार संस्थेच्या खिशातून जातात आणि साठ हजार माझ्या. दुसऱ्या रीतीत लाखच्या लाख माझ्या खिशातून. म्हणजे भांडण काकांशी नव्हतेच. काकांशी वाटा करण्याचा निर्णय मी एकटीने घेतला होता आणि त्याचा भार कुणी उचलायचा, एवढाच वाद होता.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींपुढे वही ठेवली आणि माझी बाजू मांडली. ती अशी. दुसरी रीत कायम ठेवली तर संस्थेतला कोणताही माणूस बाहेरच्या दलालाला घर दाखवणारच नाही. स्वतः गिऱ्हाईक शोधले तर एक लाख वीस हजार, दुसऱ्याला भागीदार केले तर वीस हजार, कोण करील? तो घर आपल्याच डायरीत दाबून ठेवील आणि आणखी दोन महिने वाट बघेल. त्यात नुकसान घरमालकाचे. त्याचे घर शहरातल्या मोजक्याच लोकांसमोर जाते आणि ज्याने दोन टक्के कबूल केले त्यालाच त्याचा उपयोग होत नाही. शिवाय हे घर काकांवाचून विकलेच गेले नसते, तर संस्थेला ऐंशी काय, आठ हजारही मिळाले नसते.

शेठजींनी ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते मला आजही बरोबर वाटते. ते म्हणाले, “ताई, तुमचे म्हणणे खोटे नाही. पण उद्या तुम्ही कुणाला अर्ध्याऐवजी सत्तर टक्के कबूल केले, तर दोन लाखांतले साठ हजार उरतील आणि त्यातले माझे चोवीस. जाहिरातीचा खर्च तोच, वकील तोच, भाडे तेच. माझा वाटा तुमच्या फोनवरच्या शब्दाने लहान-मोठा व्हायचा का?” थोडे थांबून त्यांनी आवाज खाली आणला. “आणि दुसरे असे की सगळे काका खरे नसतात.”

हा दुसरा मुद्दा या धंद्यात नसलेल्यांना चटकन लक्षात येणार नाही. समजा, व्यवहार मी एकटीने जुळवला, पण शेवटी येऊन सांगितले की गिऱ्हाईक अमक्या दलालाने आणले, आणि ते नाव माझ्याच घरातल्या कुणाचे किंवा मैत्रिणीचे दिले. काकांचा वाटा आधी काढायची रीत असेल, तर लाख रुपये त्या नावावर जातात, उरलेल्या लाखातले साठ हजार माझे. दोन्ही मिळून घरात एक लाख साठ हजार, आणि संस्थेकडे ऐंशीऐवजी चाळीस. असे घडलेले शेठजींनी पाहिले होते. ओळखायचे कसे, तेही त्यांनी सांगितले. खरा भागीदार व्यवहाराच्या आरंभी दिसतो. घर दाखवल्याच्या नोंदवहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याचे नाव असते, निरोपांची देवघेव त्याच्याशी झालेली असते, गिऱ्हाईक त्याला ओळखते. खोटा भागीदार बिलाच्या दिवशी जन्माला येतो.

माझी मान आपोआप खाली गेली, कारण आमच्या नोंदवहीत मी काकांचे नाव लिहिले नव्हते. त्या कुटुंबाच्या नावापुढे ‘ओळखीतून’ एवढेच होते. काका समोर बसले नसते, तर कागदावर मी आणि त्या लबाडांत फरक दाखवता आला नसता.

माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीला हेच काम करतो. त्याला मी हे सारे कळवले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्यांच्याकडे घर विकणाऱ्याची संस्था आणि घेणाऱ्याची संस्था निरनिराळ्या असतात; दलाली आधी दोन संस्थांत वाटली जाते, आणि मग प्रत्येक संस्था आपल्या भागातून आपल्या माणसाला त्याचा हिस्सा देते. एजंटाला फक्त त्याच्या स्वतःच्या संस्थेकडूनच पैसे घेता येतात, दुसऱ्याकडून थेट घेता येत नाहीत. त्यामुळे ‘आधी कोणता वाटा’ हा प्रश्न तिथे बाहेरच्या दलालाबाबत उद्भवतच नाही. तो क्रम बसून गेलेला आहे. पण त्यानेच पुढे लिहिले की एकाच संस्थेतले दोघे जण एक बाजू वाटून घेतात आणि एकाचा करार सत्तर टक्क्यांचा, दुसऱ्याचा नव्वदचा असतो, तेव्हा तिथेही कालवा होतो. आधी बाजूचे दोन भाग करून प्रत्येकाच्या भागाला त्याचा त्याचा टक्का लावायचा, हे दोघांना ठाऊक असले तरी ते लिहून ठेवलेले नसते. मला त्यातून जरा बरे वाटले, हे कबूल करते.

आमचा तोडगा असा निघाला. काकांचे एक लाख पूर्ण. शेठजींच्या रीतीने संस्थेचे ऐंशी होत होते, माझ्या रीतीने माझे साठ होत होते. एका लाखात एकशे चाळीस मावत नाहीत, म्हणून दोघांनी वीस-वीस सोडले. संस्थेला साठ हजार, मला चाळीस. शेठजी म्हणाले की ही रीत नव्हे, ही तडजोड, आणि तिचा दाखला पुढच्या वेळी कुणी द्यायचा नाही.

पैसे कुठून द्यायचे हा भाग हिशेबनिसांनी सांभाळला, आणि त्यात त्यांनी मला मोठ्या डोकेदुखीतून वाचवले. मी म्हटले होते, सगळे माझ्या खात्यात घाला, मी काकांना देते. ते म्हणाले, नको. संस्था जो दलालीचा हिस्सा देते त्यावर आयकराच्या तेव्हाच्या कलम १९४ एच खाली मुळातून कर कापावा लागत होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर पाचवरून दोन टक्क्यांवर आला आहे. काकांचा लाखही माझ्या नावाने निघाला असता, तर आयकर खात्याच्या नोंदीत माझे उत्पन्न एक लाख चाळीस हजार दिसले असते, हाती चाळीस असताना. मग काकांना दिलेला लाख हा माझा खर्च आहे हे मला त्यांच्या बिलासह सिद्ध करत बसावे लागले असते. म्हणून काकांकडून संस्थेच्या नावे साधे बिल घेतले, त्यावर त्यांचा पॅन घातला आणि संस्थेने त्यांच्या खात्यात थेट अठ्ठ्याण्णव हजार भरले. माझ्या खात्यात एकोणचाळीस हजार दोनशे आले.

काकांना ते दोन हजार काही केल्या पटेनात. “आता ही कात्री कुणाची?” असे त्यांनी दोनदा विचारले. ते त्यांच्याच नावावर सरकारात जमा आहेत आणि विवरणपत्र भरताना वळते होतील, असे सांगितले तेव्हा त्यांनी डायरीत ‘सरकारकडे येणे २०००’ असे लिहून घेतले. विवरणपत्र मीच भरवून द्यायचे, असेही त्याच बैठकीत ठरले. शब्द द्यायची माझी खोड एवढ्यात गेलेली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात आमच्या करारात एक परिच्छेद वाढला. बाहेरच्या दलालाचा वाटा दलालीतून आधी वजा होईल आणि उरलेल्या रकमेवर साठ-चाळीस लागू होईल. मात्र त्या दलालाचे नाव आणि वाट्याचा टक्का घर पहिल्यांदा दाखवण्याआधी संस्थेला लेखी कळवलेला हवा, आणि वाटा निम्म्याहून अधिक असेल तर शेठजींची संमती हवी. न कळवलेला वाटा ज्याने कबूल केला त्याच्या हिश्श्यातून जाईल. माझ्या आग्रहाने एक ओळ आणखी पडली : वाटा ठरावीक रुपयांत न लिहिता, जीएसटी वगळून प्रत्यक्ष हाती आलेल्या दलालीच्या टक्क्यांत लिहायचा. कारण घरमालक शेवटच्या दिवशी हात आखडता घेतात, दोनाचे दीड करतात. तेव्हा काकांचे रुपये पक्के आणि कमी पडलेले सारे आपल्यावर, असे होऊ नये. जुन्या वाक्यातल्या ‘प्राप्त’ या शब्दाचा अर्थ असा पाच ओळींत उलगडावा लागला.

त्या दिवाळीत सांगलीला गेले असता माळ्यावरची आप्पांची एक जुनी खतावणी उतरवून पाहिली. दुसऱ्या पेढीच्या मालाच्या नोंदी सापडल्या. प्रत्येक ठिकाणी आधी ‘पैकी अमुक पेढीचे’ असे लिहून रक्कम बाजूला काढलेली, आणि त्याखाली आपली अडत. तारीख माल यार्डात उतरला त्या दिवसाची होती, पैसे आले त्या दिवसाची नव्हे.

मार्चमध्ये काकांचा पुन्हा फोन आला. एरंडवण्यात घर आहे, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे का, असे विचारीत होते. या वेळी घरमालक त्यांच्या बाजूचा, वाटा मागणारी मी. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “ताई, अर्धी देईन, पण आधी दोन ओळी लिहून पाठवा, कशाची अर्धी ते.”